आजोबांना आधी गप्प करा

माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मैत्रिणीला वाचायला दिलं होतं. तिने लोकलमध्ये फोनवर वाचायला घेतलं आणि दोन स्टेशनांनंतर सोडून दिलं. "मुलगी अजून घराबाहेरच पडली नाहीये गं," एवढंच म्हणाली. खरंच होतं. मुलगी पडायच्या आधी सातशे शब्द खर्च झाले होते. खारेपूर नावाचं गाव, त्याच्या तीन राजवटी, समुद्राशी झालेला करार, कराराच्या अटी, चार देवता आणि एक नाणं.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: माहितीचा ढिगारा फोडा, संवादात घाला. मी तो ऐकला. गावातले एक आजोबा आणले, ओसरीवर बसवले आणि नायिकेला, आवलीला, त्यांच्याकडून सगळा इतिहास ऐकवला. सातशेचे नऊशे शब्द झाले, कारण मध्ये मध्ये आवलीला "मग काय झालं, आजोबा?" असं विचारावं लागत होतं.

माझं भांडण याच अर्ध्या उपायाशी आहे. मराठीत हौसेने लिहिल्या जाणाऱ्या फँटसीत हे आजोबा जागोजागी भेटतात. कधी ते गुरुजी असतात, कधी म्हातारा नावाडी, कधी बोलणारं झाड. आवली त्या गावात सतरा वर्षं राहिली आहे. समुद्र गावात का येत नाही, हे तिला आजच कसं कळतंय? इंग्रजी विज्ञानकथावाल्यांनी या दोषाला "अ‍ॅज यू नो, बॉब" असं नावच देऊन ठेवलंय. मराठीत कसोटी सोपी आहे. पात्राच्या वाक्याआधी "तुला माहीतच आहे की" लावून बघा. वाक्य चपखल बसलं, तर ते पात्र समोरच्याशी बोलत नाहीये, वाचकाशी बोलतंय. अवतरणचिन्हं लावली म्हणून निबंधाचा संवाद होत नाही.

मग मी काय केलं ते सांगते. ढिगाऱ्यातली प्रत्येक माहिती वहीत एकेका ओळीत उतरवली. सतरा ओळी झाल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: ही माहिती नसेल, तर या प्रसंगात जे घडतंय ते वाचकाला चुकीचं कळेल का? राजवटी, देवता, नाणं, सगळे गळाले. 'थोरलंच मूल का?' हे महत्त्वाचं होतं, पण इथे नाही. ते पाचव्या प्रकरणात गेलं, जिथे त्यावरून घरात भांडण होतं. उरल्या तीन ओळी. करारामुळे समुद्र बांधाबाहेर राहतो. त्याची किंमत म्हणून दर घराच्या थोरल्या मुलाचं नाव समुद्राला जातं. आणि गेलेलं नाव कुणालाच आठवत नाही.

आता खरा प्रश्न: या तीन गोष्टी आज रात्री कुणाला टोचतात? माहितीचा मालक शोधायचा. लेखकाला ती सांगायची हौस असून भागत नाही. प्रसंगातल्या कुणाला तरी ती आत्ता, या क्षणी, हवी असली पाहिजे, किंवा नकोशी असली पाहिजे. आजोबांना यातलं काहीच होत नव्हतं. म्हणून त्यांना काढलं आणि खारबांधाच्या उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारावर, आवलीच्या आत्याला राखणीला बसवलं. प्रसंग असा झाला:

उघाडीच्या फळीला दोन बोटं रुंद भेग होती. पलीकडे भरतीचं पाणी कमरेइतकं चढलं होतं. अलीकडे थेंबही नव्हता.

"आत्या, फळी बदल की."

"नावं जातायत तोवर फळी नसली तरी चालतंय. काल तुमच्या घराची पाळी झाली ना?"

आवली बोलली नाही. ती लांब बांधावर बघत होती. चार कंदील चालत होते. त्यातला एक खाली, रेंद्याकडे वळला.

"आत्या, तो दादा आहे. चिखलात रुतेल तो. हाक मार!"

"ए पोरा!" चारही कंदील थांबले. मग चारही पुन्हा हलले.

"नावाने मार!"

आत्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बारशाला त्याच्या कानात कुर्र करून तिनेच ते नाव ठेवलं होतं.

पहिली गोष्ट भेगेने सांगितली. दुसरी आत्याच्या अर्ध्या वाक्याने, आणि तीही सहज, कारण आवलीलाही ती ठाऊक आहे. तिसरी हाकेने. दादाचा जीव त्या नियमावर अडकलाय, म्हणून वाचक नियम शिकत बसत नाही, हाक ऐकू जाते का ते बघतो. आणि राखणीला आत्याच का, तर नाव ठेवायचा मान तिचा असतो. ते विसरणं सगळ्यात जास्त तिलाच लागणार.

एवढं करून मी खूश झाले आणि पुन्हा फसले. मैत्रिणीने या वेळी प्रकरण पूर्ण वाचलं आणि विचारलं, "दादा बहिरा आहे का?" विणण्याच्या नादात मी इतकं झाकलं होतं की प्रसंगाचा कणाच दिसेना. वाचकाला पडलेला प्रश्न 'पुढे काय होणार' असा असेल, तर ठीक. 'आत्ता काय झालं' असा असेल, तर काहीतरी जास्त लपवलंय. तिथे मी कृतीचा हट्ट सोडला आणि कुर्रनंतर सरळ एक निवेदनाचं वाक्य घातलं: 'समुद्राला दिलेलं नाव कुणाच्या जिभेवर राहत नाही, हे आवलीला ठाऊक होतं, ते आत्याच्याही जिभेवर राहणार नाही, असं तिला वाटलं नव्हतं.' ही उघड उघड माहितीच आहे. पण वाचकाने प्रश्न विचारल्यावर आली, आधी नाही. त्यामुळे "सांगू नका, दाखवा" असं घोकणाऱ्यांशीही माझं जमत नाही. सांगायला हरकत नाही, आधी तहान लागू द्या.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला टोल्किनचा: त्याने तर हॉबिटांवर अख्खी प्रस्तावना लिहिली! लिहिली, पण ती गोष्टीच्या बाहेर ठेवली. 'द फेलोशिप ऑफ द रिंग'च्या दुसऱ्या प्रकरणात गँडाल्फ फ्रोडोला लांबलचक इतिहास सांगतो, हे खरं. पण त्याच बैठकीत तो अंगठी चुलाणात टाकतो, तिच्यावर अक्षरं उमटतात, आणि ऐकणाऱ्याला घर सोडावं लागणार हे स्पष्ट होतं. ऐकण्याची किंमत फ्रोडो मोजतो.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेचा: आपल्याकडे तर कथा सांगायचीच रीत आहे. आहेच. पण महाभारत कुठे सांगितलं जातं ते बघा. जनमेजयाच्या बापाला तक्षकाने मारलंय, त्या सूडापायी सर्पसत्र मांडलंय, आणि तिथे तो वैशंपायनाला आपल्या पूर्वजांबद्दल विचारतो. पूर्वपीठिका आहे, प्रचंड आहे. पण विचारणारा त्याच कुळातला आहे आणि एक संहार अजून त्याच्या हातात आहे.

खारेपुरातल्या राजवटींची वही माझ्याकडे अजून आहे. ती मी फाडणार नाही. भेगेतून पाणी का येत नाही हे मला नक्की माहीत होतं, म्हणूनच ते दोन वाक्यांत लिहिता आलं. फक्त ती वही माझी आहे. वाचकाला ती पहिल्या पानावर वाचायला लावण्याचा हक्क मला नाही, आणि आजोबांना तर मुळीच नाही.