पैसे भरण्याआधी तक्ता मागा

सहल घरच्यांनी ठरवलेली असो की एजंटाने, तिचा कार्यक्रम बहुधा एका सलग परिच्छेदात मोबाइलवर येऊन पडतो. काशी-अयोध्येचा असा एक नमुना घ्या : ‘१४ जानेवारीला रात्री १२.१० च्या गाडीने मुंबईहून निघून १६ला पहाटे वाराणसी. हॉटेलवर आवरून दर्शन, दोन दिवस मुक्काम. १८ला सकाळी गाडीने अयोध्या, दर्शन घेऊन संध्याकाळच्या विमानाने मुंबई.’ वाचताना सगळं जुळतं. पण हाच मजकूर तिकिटं समोर ठेवून दिवसवार तक्त्यात मांडला की वेगळंच चित्र दिसतं :

| तारीख | सुटणे | कुठून – कुठे | कशाने | पोहोचणे | आरक्षण |
|---|---|---|---|---|---|
| गुरु. १५ | ००.१० | मुंबई – वाराणसी (BSB) | रेल्वे | शुक्र. १६, ०३.४० | रेल्वेचा पीएनआर |
| शुक्र. १६ | – | वाराणसी, मुक्काम | – | खोली १२.०० पासून | हॉटेलचा क्रमांक |
| रवि. १८ | ? | वाराणसी – अयोध्या | ? | ? | ? |
| रवि. १८ | १७.३० | लखनौ (LKO) – मुंबई | विमान | १९.४५ | विमानाचा पीएनआर |

पहिली ओळ सर्वांत घातकी. आपण ज्याला चौदाची रात्र म्हणतो, ती रेल्वेच्या लेखी बाराच्या ठोक्याला संपते. ००.१० ची गाडी पंधरा तारखेची. घरून निघायचं मात्र चौदालाच, रात्री जेवण आटोपून. पंधराच्या रात्री स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. आणि उलट, ‘१४ तारीख’ वाचून कुणी तिकीट काढलं, तर ते एक दिवस आधीचं निघतं. म्हणून तक्त्यात वेळ २४ तासांच्या घड्याळाने, तारखेशेजारी वार, आणि पोहोचण्याची तारीखही वेगळी लिहावी. मध्यरात्रीच्या गाडीपुढे ‘घरून बुध. १४, रात्री ९’ अशी टीप हवीच.

पहाटे ०३.४०ला उतरल्यावर हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळणार. मधले आठ तास थंडीत आई-वडिलांना घेऊन कुठे बसायचं, हे परिच्छेद सांगत नाही. आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी, किंवा लवकर खोली देण्याचं हॉटेलकडून लेखी घ्यावं. तसंच वाराणसीत बनारस नावाचं वेगळं स्थानकही आहे. त्याचा कोड BSBS. न्यायला येणाऱ्या चालकासाठी ते एक अक्षर महत्त्वाचं ठरतं.

आता तक्ता तपासायची खरी युक्ती. एका ओळीचा प्रवास जिथे संपतो, तिथूनच पुढच्या ओळीचा सुरू झाला पाहिजे. इथे तिसरी ओळ अयोध्येत संपते आणि चौथी लखनौहून सुटते. म्हणजे मधली एक ओळच गायब आहे. अयोध्येहून लखनौ विमानतळ मोटारीने तीनेक तासांवर. १७.३० च्या विमानासाठी साडेतीनला तिथे पोहोचायचं, तर अयोध्या बाराला सोडावी लागेल. वाराणसीहून अयोध्या चार-पाच तास. पहाटे सहाला निघालं तरी दर्शनाला तास-दोन तास उरतात, तेही रविवारच्या गर्दीत. आणि ‘गाडीने’ म्हणजे रेल्वेने की भाड्याच्या मोटारीने? तेही ठरलेलं नाही. उपाय एकच : वाराणसीचा एक मुक्काम कमी करून सतराच्या दुपारीच अयोध्या गाठायची.

शेवटचा रकाना आरक्षणाचा. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी, विमानाचा सहसा सहा अक्षर-अंकांचा. एजंटाच्या पावतीवरचा क्रमांक हा त्याच्या दुकानाचा असतो. तो रेल्वेच्या चौकशीत टाकून काहीच कळत नाही. म्हणून तिकीट निघाल्यावर रकान्यात मूळ पीएनआरच लिहावा आणि तो स्वतः तपासून तिकीट पक्कं आहे की प्रतीक्षा यादीत, हे शेजारी नोंदवावं. ऑनलाइन काढलेलं तिकीट रेल्वेचा आरक्षण-तक्ता लागल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही.

तक्ता भरणाऱ्याने एक पथ्य पाळावं : माहीत नसलेला रकाना अंदाजाने भरू नये. तिथे प्रश्नचिन्ह ठेवावं. परिच्छेदात ‘सकाळी’ लिहिलंय म्हणून ०८.०० टाकलं, की पुढचे सगळे तो ठरलेला आकडा समजून चालतात आणि विचारायचा प्रश्न बुजून जातो.

असा तक्ता करून देणं हे सहल विकणाऱ्याचं काम आहे आणि तो पैसे भरण्याआधी मागणं हा गिऱ्हाईकाचा हक्क. मुक्काम हलवणं, तारीख बदलणं तेव्हा एका फोनवर होतं. तिकिटं निघाल्यावर त्याच दुरुस्तीला रद्द करण्याचं शुल्क पडतं. एजंट तक्ता देत नसेल तर स्वतः मांडावा, प्रश्नचिन्हांसकट त्याच्याकडे पाठवावा आणि प्रत्येकाचं उत्तर लेखी आल्यावरच आगाऊ रक्कम द्यावी.