नव्वद दिवसांची नोटीस आणि पंधरा जुलैची तारीख



तामलवाडीहून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा पुण्यात एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. आता त्याला सोलापुरात नोकरी मिळते आहे. पगार थोडा कमी आहे, पण रोज घरून जाऊन-येऊन करता येईल, पुण्याच्या खोलीचे भाडे वाचेल आणि आजारी अम्मीजवळ घरात कोणीतरी राहील. अडचण एकच आहे. पुण्याच्या कंपनीची नोटीस 90 दिवसांची आहे आणि सोलापूरचे मालक म्हणतात, 15 जुलैला या, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. वडील विचारतात, "मुलाचे मित्र सांगतात, सरळ निघून ये, कोण काय करते? हे खरे आहे का?"

भाईजान, मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच नुकसान आहे.

खरे ते आधी सांगतो. नोकरी सोडणाऱ्या माणसाला कंपनी जबरदस्तीने कामावर बसवून ठेवू शकत नाही. माणसाने स्वतः करायच्या चाकरीचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 14 चा अर्थ हाच आहे. पण सही करून दिलेला शब्द मोडल्याची भरपाई मात्र कंपनी मागू शकते. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात असाच निकाल दिला. तेथे एका अधिकाऱ्याने तीन वर्षे नोकरी करीन, नाहीतर 2 लाख रुपये भरीन असे लिहून दिले होते. तो मुदतीआधी दुसऱ्या बँकेत गेला. न्यायालयाने म्हटले, ही अट त्याला जाण्यापासून अडवत नाही, फक्त लवकर जाण्याची किंमत ठरवते, म्हणून ती रद्द होणार नाही. तो खटला बॉंडचा होता, नोटिशीचा नव्हता, आणि बँक सरकारी होती, म्हणून तो जसाच्या तसा सगळीकडे लावता येणार नाही. पण सही करण्याआधी वाचावे, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून राजीनाम्याच्या आधी मुलाने नेमणूक पत्र काढून नोटिशीचे कलम शब्दशः वाचावे. ते साधारण तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात लिहिलेले असते की दोन्ही बाजूंपैकी कोणीही 90 दिवसांची नोटीस द्यावी किंवा त्याऐवजी तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा. हे मुलाला सोयीचे आहे, कारण पैसे भरून मोकळे होण्याचा रस्ता करारातच दिलेला आहे. दुसऱ्या प्रकारात, पगार घेऊन लवकर सोडायचे की नाही हे कंपनी ठरवील, असे असते. येथे विनंतीच करावी लागते. तिसऱ्या प्रकारात फक्त 90 दिवस लिहिलेले असतात, पैशांचा उल्लेखच नसतो. मग सगळे बोलण्यावर आणि लेखी मान्यतेवर येते. त्याच कलमात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वसुली मूळ पगारावर आहे की एकूण पगारावर? आणि शिल्लक रजा नोटिशीत धरतात का?

या दोन गोष्टींचा फरक हिशेबात दिसतो. समजा, मुलाचा एकूण पगार महिना 56,000 आणि त्यातला मूळ पगार 28,000 आहे. त्याने 1 जूनला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून मोजले, तर 90 वा दिवस 30 ऑगस्टला येतो. सोलापूरला 15 जुलैला रुजू व्हायचे म्हणजे पुण्यातला शेवटचा दिवस 14 जुलै. मग 15 जुलैपासून 30 ऑगस्टपर्यंत 47 दिवस कमी पडतात. शिल्लक रजा 17 दिवस असून ती धरली गेली, तर उरतात 30 दिवस. ते मूळ पगाराने कापले तर 28,000 रुपये, एकूण पगाराने कापले तर 56,000. रजाही धरली नाही आणि एकूण पगाराने कापले, तर 47 दिवसांचे सुमारे 87,700 रुपये होतात. तीच नोकरी, तीच तारीख, आणि फरक जवळजवळ 60,000 रुपयांचा. हा आकडा हातात असल्याशिवाय कोणाशीही बोलायला बसू नये.

आता कोणाशी आधी बोलायचे? बहुतेक मुले आधी राजीनामा देतात आणि मग तारखेची घासाघीस करतात. क्रम उलटा हवा. आधी सोलापूरच्या मालकांशी बोलावे. "15 जुलै" ही तारीख बहुधा पहिली मागणी असते. ती जागा रिकामी आहे, का एखादी ऑर्डर ठरावीक दिवशी सुरू होणार आहे, हे विचारावे. मग आपली अडचण लपवून न ठेवता सांगावे: "माझी नोटीस 90 दिवसांची आहे. 1 ऑगस्टला येणे मला सोपे आहे. 15 जुलैच हवी असेल, तर नोटिशीचे पैसे भरावे लागतील, त्यातला किती भाग आपण द्याल?" मोठ्या कंपन्या ही रक्कम कधीकधी देतात, छोट्या कंपन्या अर्धी देतात किंवा देत नाहीत, पण तारीख पुढे सरकवतात. जे ठरेल ते कंपनीच्या लेटरहेडवर किंवा कंपनीच्या ईमेलवरून आले पाहिजे: रुजू होण्याची तारीख, पगार, आणि नोटिशीचे पैसे देणार असतील तर ते किती आणि कधी. फोनवर मिळालेल्या शब्दावर पुण्याची नोकरी सोडू नये. राजीनामा दिल्यावर नव्या मालकाने हात वर केले, तर घरात दोन्ही पगार बंद होतात.

लेखी पत्र हातात आल्यावर राजीनामा ईमेलने द्यावा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही. त्यात नोटिशीचा कालावधी मान्य करावा आणि 14 जुलैला सोडण्याची विनंती करावी. विनंतीबरोबर काम सोपवण्याचा आराखडा जोडावा: कोणती कामे चालू आहेत, ती कोणाला कधीपर्यंत शिकवून देईन, कोणत्या ऑडिटची कागदपत्रे पूर्ण करून देईन. साहेबाला खरी भीती असते ती मागे काम अडेल याची. ती कमी झाली की 90 चे 60 किंवा 45 दिवस व्हायला जागा होते. एवढ्याने भागले नाही, तर मग रजा धरण्याची आणि उरलेल्या दिवसांचे पैसे भरण्याची गोष्ट काढावी. या काळात सुट्टी जपून घ्यावी. कित्येक कंपन्यांत नोटिशीच्या काळात घेतलेली रजा नोटीस तेवढीच लांबवते. तेव्हा ईद किंवा घरचे लग्न मध्ये येत असेल, तर ते दिवस आधीच हिशेबात धरावेत.

येथे एक ठरलेली चूक होते. साहेब तोंडी म्हणतात, "जा रे, बघून घेतो." मुलगा 14 जुलैला निरोप घेऊन निघतो. पण एचआरच्या नोंदीत शेवटचा दिवस 30 ऑगस्टच राहतो. महिन्याभराने हिशेब येतो, त्यात 47 दिवस कापलेले असतात, किंवा मुलगा कामावर न कळवता गैरहजर झाला अशी नोंद असते. हे टाळायचे तर निघण्याआधी एचआरचे एक ईमेल हवे. त्यात तीन गोष्टी असाव्यात: शेवटचा दिवस कोणता, किती दिवसांची वसुली आणि कोणत्या पगारावर, आणि रिलिव्हिंग लेटर कधी मिळेल. ते आले नाही तर मुलाने स्वतः लिहावे: "साहेबांशी ठरल्याप्रमाणे माझा शेवटचा दिवस 14 जुलै आहे, कृपया कळवावे." आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

अंतिम हिशेबात काही कंपन्या नोटिशीच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावतात. तो लागत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. ते दाखवून रक्कम परत मागावी. सोलापूरची कंपनी पैसे देणार असेल, तर ते मुलाच्या पगारात धरले जातील आणि पगार मोठा असेल तर त्यावर आयकर येईल, हेही आधी विचारून घ्यावे.

मित्रांच्या सल्ल्याकडे आता परत येतो. न सांगता निघून गेले, तर पोलीस येत नाहीत, बहुधा खटलाही होत नाही. पण रिलिव्हिंग लेटर मिळत नाही. सोलापूरचे मालक आज ते मागणार नाहीत, पण तीन वर्षांनी तिसरी कंपनी चौकशी करील आणि पुण्याच्या दप्तरात जे लिहिले आहे तेच सांगितले जाईल. काही मुले आणखी एक वाट काढतात: पुण्यात नोटीस चालू असतानाच दुसरीकडे रुजू होतात. हे तर करूच नये. दोन्ही ठिकाणचा पीएफ एकाच खाते क्रमांकावर दिसतो, तारखा एकमेकींवर चढतात, आणि पुढे पैसे वर्ग करताना अर्ज अडतो. पहिल्या कंपनीचा शेवटचा दिवस आणि दुसरीचा पहिला दिवस यांत किमान एक रात्र असावी. पुण्याच्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिन्यांनी ती मुलाला स्वतः भरता येते. ईपीएफओच्या संकेतस्थळावर Manage खाली Mark Exit आहे, तेथे. पण ती रिलिव्हिंग लेटरवरच्या तारखेशी जुळली पाहिजे.

आणि सोलापूरचे मालक 15 जुलैवरच अडून बसले, पैसे देणार नाहीत, पुण्याची कंपनीही सोडणार नाही, तर? मग हिशेब घरात बसून करावा. खोलीचे भाडे आणि खाणावळ मिळून पुण्यात महिन्याला 10,000 वाचणार असतील, तर 28,000 ची वसुली तीन महिन्यांत भरून निघते. पण सोलापूरला पगार किती कमी होतो, ते या बचतीतून आधी वजा करावे. तो 5,000 ने कमी असेल, तर सहा महिने लागतील. 87,700 ची वसुली असेल, तर दीड वर्ष जाईल. तेवढ्यासाठी ती जागा सोडून दुसरी शोधणे परवडू शकते. अम्मीजवळ राहण्याची किंमत या हिशेबात मांडता येत नाही, ती तुम्हा घरच्यांनी ठरवायची. मात्र मुलाने राजीनाम्याचे ईमेल पाठवण्याआधी नेमणूक पत्रातले ते कलम तुमच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावे, एवढे त्याला जरूर सांगा.