भावाला नव्हे, आधी तिला

‘मित्राची बहीण म्हणजे आपलीच बहीण’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठामपणे उच्चारलं जातं की त्यापुढे कुणी काही बोलत नाही. कट्ट्यावर, हॉस्टेलवर, मंडळाच्या मांडवात हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. तरीही मित्राच्या बहिणीशी किंवा मैत्रिणीच्या भावाशी जमलेली लग्नं प्रत्येकाच्या नात्यागोत्यात सापडतात. नियम मोडला जातोच, फक्त चोरून मोडला जातो आणि त्या चोरीतच मैत्री तुटते. माझ्या मते हा नियमच चुकीचा आहे. त्याला उत्तर म्हणून जे सांगितलं जातं, ‘दोघं सज्ञान आहेत, बाकीच्यांचा काय संबंध?’, तेही तितकंच चुकीचं आहे. (सज्ञान हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. समोरची व्यक्ती अठरा वर्षांची नसेल तर विषय तिथेच संपला.)

आधी त्या नियमाकडे पाहू. तो मैत्री जपण्यासाठी आहे, असं त्याचे समर्थक सांगतात. तसं असतं तर तो मुलींनाही तेवढाच लागू झाला असता. पण एखादीला मैत्रिणीचा भाऊ आवडला तर मैत्रिणी ‘तो तुझा भाऊ लागतो’ म्हणून तिला अडवत नाहीत. उलट ‘मग मी तुझी नणंद’ म्हणून चिडवतात. हाच प्रकार मुलाने केला की मात्र ‘विश्वासघात’ होतो. म्हणजे प्रश्न मैत्रीचा नसून बहिणीवर भावाचा ताबा आहे, या समजुतीचा आहे. ‘सैराट’ (२०१६) या नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाच्या शेवटी आर्चीच्या दारात येणाऱ्यांत तिचा भाऊ असतो. तो शेवट पाहून थिएटरात सुन्न झालेल्या कितीतरी जणांनी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तोच नियम पुन्हा ऐकवला असेल. दोन्ही गोष्टींत फार मोठा फरक आहे, हे मला मान्य आहे. मूळ समजूत मात्र एकच आहे: तिच्याबद्दलचा निर्णय तिच्या आधी भावाकडे जातो.

सभ्य दिसणारा मधला मार्गही याच समजुतीतून येतो. ‘प्रामाणिक असशील तर आधी मित्राला विचार’ असं सांगितलं जातं. ऐकायला फार नेक वाटतं. पण प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. तुम्ही मित्राला सांगितलं की ‘तुझी बहीण मला आवडते’. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. त्या दिवसापासून ती घरी उशिरा आली की प्रश्न होतात, फोनवर हसली की नजरा वळतात. तुम्ही येणार असाल तेव्हा तिने बाहेरच्या खोलीत बसावं की नाही याचाही विचार होतो. तिने काहीही केलेलं नसताना तिच्यावर पाळत बसते. तुमच्या प्रामाणिकपणाची किंमत तिने मोजलेली असते.

आता दुसरी बाजू. ‘दोघं सज्ञान आहेत, बाकीच्यांचा काय संबंध?’ हा प्रश्न कायद्याने बरोबर असला तरी इथली खरी अडचण त्याला दिसत नाही. अॅपवर भेटलेल्या अनोळखी माणसाला नकार देणं सोपं असतं, ब्लॉक केलं की संपलं. मित्राच्या बहिणीला ती सोय नाही. ती ‘नको’ म्हणाली तरी तुम्ही पुढच्या रविवारी तिच्या घरी येणारच, तिची आई तुम्हाला पोहे देणारच आणि गणपतीत तुम्ही तिच्या घरी आरतीला उभे असणारच. मित्राच्या जिवलग मैत्रिणीचंही थोड्याफार फरकाने तसंच असतं, कारण वाढदिवस, ट्रेक आणि लग्नं सगळ्यांची एकच. ओळखीच्या वर्तुळात नकार महाग पडतो. माझ्या मते सगळ्या मर्यादा या एका गोष्टीतून निघतात. विचारणाऱ्याचं पहिलं काम तिला नकार देणं स्वस्त करून ठेवण्याचं आहे.

हे कसं करायचं, ते एका उदाहरणातून पाहू. पुण्यात गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. समजा, ओंकार आणि त्याचा मित्र एकाच पथकात ढोल वाजवतात आणि यंदा मित्राची बहीण ताशावर आली आहे. ती तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते. ओंकारला ती आवडू लागली आहे.

ओंकारची पहिली चूक बहुधा घरी होईल. मित्राकडे गेल्यावर ती हसून पाणी आणून देते, ‘जेवूनच जा’ म्हणते आणि त्याला त्यात इशारा दिसतो. घरातलं तिचं वागणं हे आतिथ्य असतं. आईबाबांसमोर ती दुसरं काही करूच शकत नाही. म्हणून घरात दिसलेली कोणतीही गोष्ट पुरावा धरायची नाही आणि घरात चेष्टामस्करीचा सूरही लावायचा नाही. जिथून तिला सहज उठून जाता येतं, तिथलंच तिचं वागणं खरं मानावं.

सरावाच्या जागी तशी मोकळीक असते. ढोल आवळून झाल्यावर, पाणी पिताना ओंकार तिला म्हणतो, ‘तुझा ताशा सुटला की आमचं टिपरू मागे पडतं.’ ती म्हणते, ‘मग सराव वाढवा की. ताशाला का दोष?’ मस्करी इतपतच असावी, तिच्या हाताच्या कसबाबद्दल आणि तिला उलट टोला देता येईल अशी. तिच्या कपड्यांवर, शरीरावर शेरा नाही. चार पोरांना ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्याने बोलणं नाही, कारण चार जणांसमोर चिडवलं की तिला हसण्यावाचून पर्याय राहत नाही आणि तिच्या त्या हसण्याचा भलताच अर्थ काढला जातो.

तिलाही रस आहे का, हे तिच्या हसण्यापेक्षा पुढाकारावरून कळतं. सराव संपल्यावर निघता येत असतानाही ती थांबते का? परवाच्या बोलण्याचा धागा ती स्वतःहून उचलते का? ओंकारबद्दल ती काही विचारते का? उत्तरं ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’ एवढीच येत असतील, प्रत्येक वाक्यात ‘ओंकारदादा’ येत असेल आणि ती दर वेळी दुसऱ्या मुलीला सोबत घेऊन उभी राहत असेल, तर उत्तर मिळालं आहे. ते तोंडी मिळण्याची वाट पाहू नये.

नंबराचं वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधला तिचा नंबर सरावाच्या निरोपांसाठी आहे. तो तिथून उचलून रात्री अकरा वाजता तिच्या स्टेटसला उत्तर देणं म्हणजे न विचारता आत शिरणं. ‘तुला मेसेज केला तर चालेल का?’ एवढं समोरासमोर विचारायला फार धैर्य लागत नाही. मित्राकडून तिच्या आवडीनिवडी, तिचं कुणाशी आधी काही होतं का, हे सहज गप्पांच्या आवरणाखाली काढून घेणं तर मी त्याहून वाईट मानतो. मित्राला कळू न देता त्याला खबऱ्या बनवणं हाच खरा विश्वासघात आहे. त्याच्या बहिणीवर प्रेम करण्यात विश्वासघात नाही.

मग ओंकारने विचारायचं कसं? एकदाच, स्पष्ट आणि ती एकटी असताना, पण अडकलेली नसताना. तिला गाडीवरून घरी सोडताना मध्येच विचारणं वाईट, कारण तिला उरलेला रस्ता त्याच्याच मागे बसून काढायचा असतो. सरावानंतर, तिची स्वतःची गाडी शेजारी उभी असताना विचारणं बरं. ‘पथकाबाहेर एकदा तुझ्यासोबत कॉफी प्यायला मला आवडेल. तुझ्या दादाला मी काही बोललेलो नाही आणि तुला नको असेल तर बोलणारही नाही. लगेच सांगायलाच हवं असं नाही.’ यात तिला तीन गोष्टी मिळतात. हेतू काय आहे ते कळतं, घरी बोभाटा होणार नाही याची खात्री पटते आणि वेळ मिळतो.

ती ‘नको’ म्हणाली तर ओंकारचं काम संपत नाही, खरं तर तिथून सुरू होतं. पथक सोडायचं नाही, मित्राकडे जाणं अचानक बंद करायचं नाही, कारण त्यावरूनच घरात प्रश्न उठतील आणि उत्तरं तिला द्यावी लागतील. फक्त मित्र घरी असेल तेव्हाच जायचं. कट्ट्यावर कुणालाही सांगायचं नाही. आणि पुन्हा विचारायचं नाही. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट केल्यावरही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्यांदा दोषी ठरल्यासही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मित्राची बहीण पोलिसांत जाणार नाही, भावाची मैत्री तुटेल म्हणून गप्प बसेल, हा हिशेब करून कुणी मागे लागत असेल तर तो त्या मैत्रीचाच हत्यारासारखा वापर करतो.

ती ‘हो’ म्हणाली तर मित्राला सांगायला हवं, याबद्दल मला शंका नाही. केव्हा आणि कुणी सांगायचं, हे मात्र ती ठरवेल, कारण त्या घरात राहायचं तिला आहे. जात आडवी येणार असेल, घरात हात उगारला जात असेल, तर ती ‘आत्ता नको’ म्हणेल आणि ते ऐकावं लागेल. तसा धोका नसेल तर फार लांबवू नये. पथकातल्या तिसऱ्याकडून कळलेली गोष्ट मित्राच्या मनातून कधी जात नाही. त्याला एकट्याला गाठून ओंकारने म्हणावं, ‘आम्ही दोघं भेटतो आहोत. तुला दुसरीकडून कळू नये म्हणून दोघांनी ठरवून सांगतोय.’ यात परवानगी मागितलेली नाही. मित्राला रागवायचा, चार दिवस न बोलायचा, ‘मला तुमच्या भांडणात ओढू नका’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. बहिणीचा फोन तपासायचा नाही. आणि मित्राने ओंकारला विश्वासाने सांगितलेली गुपितं ओंकारने बहिणीपर्यंत पोहोचवायची नाहीत. ती मैत्री वेगळी आहे, तिची दारं वेगळी ठेवावी लागतात.

जमलं नाही तर? वर्तुळातलं नातं मोडलं की बहुतेक वेळा मुलगीच बाहेर पडते. ती पथक सोडते, ट्रेकला येणं बंद करते आणि सगळे म्हणतात, ‘तिलाच नको होतं.’ हे बदलायला हवं. ज्याने पाऊल पुढे टाकलं त्यानेच गरज पडल्यास एक मोसम बाजूला होण्याची तयारी आधीपासून ठेवावी. ती तयारी नसेल, तर तिला काही विचारू नका.

आणि भावांनो, तुमच्या मित्राला तुमची बहीण आवडली, तर त्याची कॉलर धरण्याआधी तिला एवढंच विचारा, ‘तुला काय वाटतं?’ तिने उत्तर दिलं की त्या उत्तराच्या बाजूने उभे राहा.