सहाव्या हप्त्यानंतरची भिशी

दुधनीत तिला कुणी ‘सुवर्ण संचय योजना’ म्हणत नाही. सोन्याची भिशी म्हणतात, आणि घोळ या नावापासूनच सुरू होतो. भिशीत दहा बायका एकमेकींना ओळखतात. एखादीची अडचण झाली तर तिची पाळी पुढे ओढतात, बोलाचाली होते, पण तिचे पैसे तिलाच मिळतात. सराफाच्या दुकानात तुम्ही एकटे असता, आणि अटी कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेल्या असतात.

सगळ्यात जास्त चालणारा नमुना घेऊ. दरमहा दोन हजार, अकरा महिने. बावीस हजार भरले की बारावा हप्ता सराफ घालतो. हिशेब केला तर हे वर्षाला अठरा टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं. कुठली बँक देते एवढं? कुठलीच नाही, आणि सराफही देत नाही. कारण त्या चोवीस हजारांचा दागिनाच घ्यावा लागतो. घडणावळ पंधरा टक्के आणि वर तीन टक्के जीएसटी धरला, तर सोनं येतं सुमारे वीस हजार दोनशे साठचं. घडणावळीत तीन हजारांवर रुपये गेले. म्हणजे दिलेले दोन हजार त्याने त्याच बिलात परत घेतले. घडणावळ माफ करणाऱ्या योजना असतात, त्या याहून बऱ्या. पण हे झालं शेवटपर्यंत टिकणाऱ्याचं.

आता मध्येच थांबणाऱ्याचं बघा. दिवाळीला, नोव्हेंबरात कार्ड काढलं. जानेवारी-फेब्रुवारीत तूर बाजारात येते, दुधनीच्या यार्डात हमालापासून अडत्यापर्यंत सगळ्यांच्या हातात पैसा असतो, हप्ते सुरळीत जातात. एप्रिलमध्ये सहावा भरला. मे संपतो तसं बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं. यार्ड थंड. सातवा हप्ता चुकतो, आठवा चुकतो, आणि बाई बारा हजार परत मागायला जाते.

बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर येतं : रोख मिळत नाही, दागिना न्या. बोनस तर गेलाच. बारा हजारांत त्याच दराने सोनं येतं दहा हजार एकशे तीसचं. उरलेले अठराशे सत्तर घडणावळ आणि करात. तिला बियाण्यासाठी पैसे हवे होते, हातात आली कानातली. ती मोडायला गेली की घडणावळ कुणी परत देत नाही, वर घटही धरतात.

काही दुकानं रोख देतात, तेव्हा दुसरी मेख निघते. वजनाच्या योजनेत प्रत्येक हप्त्याचं त्या दिवशीच्या दराने सोनं जमा होतं. समजा सहा हप्त्यांत १.४ ग्रॅम जमलं आणि आज दर ग्रॅमला दहा हजार आहे. किंमत झाली चौदा हजार. पण ‘मुदतीआधी बंद केल्यास भरलेली रक्कमच मिळेल’ अशी अट असेल तर हातात बाराच. भाव वाढला तो सराफाचा, आणि तुमचे पैसे मात्र सहा महिने त्याच्या धंद्यात बिनव्याजी फिरले. २०२५ च्या सुरुवातीला दहा ग्रॅमला ऐंशी हजारांच्या आसपास असलेलं सोनं दिवाळीपर्यंत सव्वा लाखाच्या वर गेलं. अशा वर्षी ही एक ओळ केवढ्याला पडते ते बघा.

“शिस्त लागावी म्हणून अट असते,” असं सराफ सांगतात. मग बँकेतली आवर्ती ठेव? तीही मोडता येते. व्याज थोडं कापतात, मुद्दलाला हात लावत नाहीत. आणि शिस्तीचा दंड पडतो कुणाला? पगारदाराचा हप्ता चुकत नाही. चुकतो तो हंगामावर जगणाऱ्याचा. त्याच्या सुटलेल्या बोनसवर टिकणाऱ्याचा बोनस देणं सोपं जातं. याला बचत कशाला म्हणायचं?

योजना अकरा महिन्यांचीच का, हेही समजून घ्या. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या ठेव नियमांत मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळवली तर ती ठेव धरत नाहीत. म्हणून वर्षाच्या आत सगळं उरकतात. कागदावर ही खरेदीची आगाऊ रक्कम, म्हणून व्याज नाही आणि बँकेच्या ठेवीसारखा विमाही नाही. काउंटरवर मात्र ‘बचत’. २०१९ च्या दिवाळीत डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सची शटर खाली आली, तेव्हा भिशीवाले रांगेत उभे होते ते कार्ड हातात घेऊनच.

कायदा अगदीच मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करारा’ची व्याख्या आहे, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार त्यात बसतो. पण करारच अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. दोन हजारांसाठी दुधनीतून कोण जाणार?

म्हणून मागणी दुकानातच करायला हवी. जितके हप्ते, तितक्या प्रमाणात बोनस. वजन जमा असेल तर वजनाची आजची किंमत. आणि अट कार्डाच्या पुढच्या बाजूला, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण दुधनीत अर्धा व्यवहार कन्नडमध्येच होतो. ज्यांचं कार्ड चालू आहे त्यांनी आजच विचारावं : आत्ता बंद केलं तर काय मिळेल, रोख की दागिना, कुठल्या दराने? उत्तर कार्डावर लिहून, सही घेऊन. बंद करायचंच असेल तर दागिन्याऐवजी वेढणी किंवा नाणं मिळतं का ते बघावं, तिथे घडणावळ किरकोळ असते. नाही म्हणाले, तर का नाही तेही सगळ्यांसमोर, गर्दीच्या वेळी विचारावं.