घसरण नव्हे, पिछाडी

लातूरच्या डाळमिलमध्ये ‘घसरतोय’ असं कुणी म्हणालं की कारागीर आधी पट्ट्याकडे बघतो. पट्टा घसरणं हा बिघाड. ताणला की मिटतो. म्हणूनच नांदेड-लातूरच्या आयटीआयमध्ये दोन वर्षांचा वीजतंत्री ट्रेड शिकणाऱ्या मुलांना इंडक्शन मोटरची ‘स्लिप’ ‘घसरण’ म्हणून शिकवू नये. स्लिप हा बिघाडच नाही.

चार पोलची मोटर 50 हर्ट्झवर चालते तेव्हा तिचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं. नेमप्लेटवर मात्र 1440 लिहिलेलं असतं. मधले 60 फेरे, म्हणजे 4 टक्के, ही स्लिप. रोटरनं क्षेत्राला गाठलंच, तर त्याच्या दांड्यांना क्षेत्र बदलताना जाणवणार नाही. मग प्रवाह नाही आणि जोरही नाही. मागे राहतो म्हणूनच रोटर फिरतो. यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे: पिछाडी. मतमोजणीच्या दिवशी तो घरोघरी ऐकू येतो.

शब्द बरोबर असला की तपासणीही बरोबर होते. गिरणी मंद चालतेय, अशी तक्रार आली समजा. टॅकोमीटर मोटरच्या शाफ्टला लावला आणि 1440 च्या आसपास आकडा आला, पण गिरणीची पुली हिशोबापेक्षा कमी फिरतेय, तर पट्टा घसरतोय. शाफ्टवरच 1380 आला, तर पिछाडी 120 फेऱ्यांची, म्हणजे 8 टक्के झाली. आता पट्टा ताणून काही होणार नाही. तिन्ही फेजचा दाब मोजा, टाँग टेस्टरनं प्रवाह बघा. दाब 10 टक्के उतरला तर मोटरची जोराची क्षमता सुमारे 19 टक्के घटते. तोच भार ओढायला पिछाडी वाढते, प्रवाह वाढतो आणि वाइंडिंग तापतं. आपल्याकडच्या लांब फीडरवर मोटरी जळतात त्या पुष्कळदा अशाच.

प्रत्येक शब्द मराठीत आणण्याचा मात्र हट्ट नको. ‘स्टार-डेल्टा’चं ‘तारा-त्रिकोण’ केलं की मुलगा ‘तारा जोडा’ वाचून वायरी शोधायला लागेल. नेमप्लेटवर Y आणि Δ ही चिन्हं असतात, तीच शिकवावीत. सुरुवातीला स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीवर 415 ऐवजी 240 व्होल्ट येतात, त्यामुळे लाइनचा प्रवाह आणि सुरुवातीचा जोर दोन्ही थेट डेल्टाच्या एक तृतीयांश होतात, हे वाक्य मराठीत हवं. भरलेली गिरणी स्टारवर का उचलत नाही, हे त्याच वाक्यातून कळतं.

व्हीएफडीला ‘चल वारंवारता चालक’ म्हणणं तर थट्टाच. चालक आपल्याकडे एसटीचा. 25 हर्ट्झवर क्षेत्र 750 फेऱ्यांवर येतं, भार तोच असेल तर पिछाडी जवळपास 60 फेऱ्यांचीच राहते आणि शाफ्ट सुमारे 690 वर फिरतो, एवढं मुलांना सांगा.

पाठ्यपुस्तकाचं भाषांतर करणाऱ्यांना विनंती एकच: मसुदा छापण्याआधी एखाद्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला वाचायला द्या.