‘गाव कोणतं?’ हा प्रश्न शेवटी विचारा

शिनोली, घोडेगाव, मंचर या पट्ट्यात नोकरीची मुलाखत बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते: ‘गाव कोणतं?’ मग आडनाव विचारले जाते, शाळा विचारली जाते, आणि दोन मिनिटांत ‘म्हणजे अमुक तुमचे पाहुणेच की!’ असा धागा सापडतो. विचारणाऱ्याचा हेतू उमेदवाराचा संकोच घालवण्याचा असतो. पण ज्याचा धागा सापडतो तो मोकळा होतो. डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या, वेगळ्या बोलीच्या मुलीचा धागा सापडत नाही आणि ती अवघडते. दोघांची मुलाखत इथेच वेगळी झालेली असते.

आपल्यासारखा माणूस आपल्याला अधिक लायक वाटतो, हा झाला सारखेपणाचा पूर्वग्रह. दुसरा पूर्वग्रह पहिल्या छापाचा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1946 मध्ये लोकांना एका व्यक्तीचे सहा गुण वाचून दाखवले. यादी ‘हुशार, मेहनती’पासून सुरू होऊन ‘हट्टी, मत्सरी’वर संपली तेव्हा लोकांचे मत चांगले झाले, तीच यादी उलट्या क्रमाने वाचली तेव्हा ते बिघडले. मुलाखतीतही असेच घडते. छाप चांगली पडली की परीक्षक अडखळलेल्या उत्तराला हात देतो, ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय ना?’ छाप फिकी असेल तर तोच परीक्षक मध्येच ‘ठीक आहे, पुढे’ म्हणतो. शेवटी आपला अंदाज खरा ठरला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो त्यानेच खरा केलेला असतो.

या अंदाजांची किंमत किती, हे अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात योगायोगाने कळले. 1979 मध्ये तिथे सुमारे 800 जणांच्या मुलाखती घेऊन 150 विद्यार्थी निवडले गेले. नंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी 50 जागा भरायला लावल्या. तोवर यादीतले वरचे उमेदवार इतरत्र गेले होते, म्हणून तळाच्या शंभरांतून विद्यार्थी घ्यावे लागले. पुढे अभ्यासात आणि रुग्णसेवेत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक दिसला नाही.

मग मुलाखत घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण बांधून. समजा, शिनोलीतल्या एखाद्या दवाखान्याला परिचारिका हवी आहे आणि तीन परीक्षक आहेत. त्यांनी कामातूनच चार प्रश्न आधी ठरवावेत आणि प्रत्येकीला तेच, त्याच क्रमाने विचारावेत. उदाहरणार्थ: ‘प्रसूतीनंतर अर्ध्या तासात बाईचा रक्तस्राव वाढला, डॉक्टर जागेवर नाहीत. काय कराल?’ उत्तराचे गुणही आधीच लिहून ठेवावेत. नुसते ‘डॉक्टरांना कळवीन’ म्हटले तर 1. मदतीला हाक मारून नाडी आणि रक्तदाब पाहीन म्हटले तर 3. त्याबरोबर गर्भाशय सैल पडले आहे का हे पाहून ते चोळणे, ठरलेल्या सूचनांनुसार औषध देणे आणि 108ची गाडी बोलावणे हेही सांगितले तर 5.

आता एक उमेदवार सफाईदार बोलते, तिला चार प्रश्नांत 3, 1, 3 आणि 4 असे 11 गुण पडतात. दुसरी हळू आवाजात सुरुवात करते, तिला 2, 5, 4 आणि 4 असे 15 पडतात. नुसत्या गप्पांत पहिली निवडली गेली असती. मात्र एक अट आहे: प्रत्येक परीक्षकाने उत्तर संपताच, इतरांशी बोलण्याआधी गुण लिहावेत. आधी चर्चा झाली तर ज्येष्ठ परीक्षकाचे मत तिन्ही कागदांवर उतरते.

पूर्वग्रह शिरल्याच्या खुणाही कागदावर दिसतात. एकाच उमेदवाराला चारही प्रश्नांत सारखेच गुण असतील, तर बहुधा उत्तरांना नव्हे, छापेला गुण दिले गेले. शेऱ्यात ‘आपल्याकडे शोभेल’ असे असेल आणि एकही उत्तर नोंदलेले नसेल, तर तो शेरा बाजूला ठेवावा.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. प्रश्नच चुकीचे निवडले तर नेमकी मोजणीही चुकीचीच होणार. शिवाय लहान गावात ओळख टाळता येत नाही. म्हणून नात्यातली किंवा ओळखीची उमेदवार आली, तर त्या परीक्षकाने आधीच सांगून तिला गुण देणे टाळावे. आपण निःपक्ष आहोत या खात्रीने काही साधत नाही, कारण हे पूर्वग्रह आपल्या नकळतच काम करतात. गावाची चौकशी जरूर करावी, पण चौथ्या प्रश्नाचे गुण कागदावर पडल्यानंतर.