कमी सोडियमचे मीठ आणि मूत्रपिंडाचा रुग्ण

कमी सोडियमच्या मिठातून जे सोडियम कमी केले जाते, त्याची जागा बहुधा पोटॅशियम क्लोराइड घेते. पाकिटावर दर्शनी बाजूस ‘लो सोडियम’ ही अक्षरे मोठी असतात. पोटॅशियमचा उल्लेख मात्र मागच्या बाजूस, घटकांच्या बारीक यादीत सापडतो. कधी नावाऐवजी ‘५०८’ हा केवळ क्रमांक असतो. तोही पोटॅशियम क्लोराइडचाच.

निरोगी माणसाला या मिठाचा लाभच होतो. चीनमधील सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटले. परंतु गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ साली या मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्यांना वगळले आहे.

कारण सरळ आहे. अन्नातून आलेले जादा पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यत्वे मूत्रपिंडाचे. ते थकले की पोटॅशियम रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवते.

एखाद्या पेढीवरचे बासष्ट वर्षांचे शेठजी घ्यावेत. पंधरा वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन वाढलेले, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू. चिरंजीव काळजीपोटी नवे मीठ आणतात. त्यात तीस टक्के पोटॅशियम क्लोराइड आहे. शेठजींच्या पोटात दिवसाकाठी पाच ग्रॅम मीठ गेले, तर त्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आले. त्याच्या वजनाचा निम्म्याहून किंचित अधिक भाग पोटॅशियम, म्हणजे सुमारे ७८० मिलिग्रॅम. जवळजवळ दोन केळी रोज, तीही नकळत! डॉक्टरांनी केळी बंद केलेली असतात, आणि तेच पोटॅशियम वरणाभाजीतून आत येते. त्यात टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे पोटॅशियमचे उत्सर्जन आणखी कमी करतात.

ही वाढ बहुधा जाणवत नाही. पायांत अशक्तपणा, छातीत धडधड ही लक्षणे उमटलीच तर उशिरा उमटतात; काही वेळा हृदयाची गती बिघडणे हीच पहिली खूण ठरते. खात्रीचा मार्ग रक्ततपासणीचा. रक्तातील पोटॅशियम साधारणतः ३.५ ते ५ या मर्यादेत असावे लागते.

असे मीठ घरात आधीच वापरात असेल, तर रुग्णाने ते थांबवून डॉक्टरांना सांगावे आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर बंद करू नये. अशक्तपणा वा धडधड असल्यास तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

रुग्णासाठी साधे आयोडीनयुक्त मीठच, पण डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात, वेगळ्या बरणीत ठेवणे सोयीचे. सैंधव हा पर्याय अनेक घरांत सुचवला जातो. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने त्याने सोडियम फारसे कमी होत नाही. आणि स्वयंपाक सर्वांचा एकत्र होत असेल, तर नवे मीठ इतरांच्या ताटात वरून वाढावे, पातेल्यात घालू नये.